चार कप्पे दिसले, पण धमन्या?

ॲनोमली स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘हृदयाचे चारही कप्पे व्यवस्थित’ असं वाचलं की घरचे निर्धास्त होतात. पण एका गंभीर दोषात कप्पे खरोखरच व्यवस्थित असतात. अदलाबदल झालेली असते ती हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची. महाधमनी डावीकडच्या कप्प्याऐवजी उजवीकडून निघते आणि फुप्फुसाकडे जाणारी धमनी डावीकडून. पोटात बाळाला याचा त्रास होत नाही, कारण प्राणवायू वारेतून मिळत असतो. जन्मानंतर मात्र फुप्फुसातून आलेलं शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसातच जातं. दोन्ही रक्तं थोडीफार मिसळू देणारी गर्भातली वाट मिटू लागली, की बाळ निळं पडतं.

फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सविस्तर सोनोग्राफी, हे आधीच दाखवू शकते. ती साधारण १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान करतात. डॉक्टर कप्पे पाहून थांबत नाहीत, तर प्रोब बाळाच्या डोक्याच्या दिशेने हळूहळू सरकवत धमन्यांचा माग काढतात. एरवी त्या एकमेकींना ओलांडून जातात. या दोषात त्या शेजारी-शेजारी समांतर धावताना दिसतात. झडपा, ठोक्यांची लय आणि रंगांतून रक्ताची दिशाही याच तपासणीत कळते.

समजा, विसाव्या आठवड्यात हा दोष सापडला. मग बाळंतपण गावात न करता लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया होते अशा शहरात ठरवता येतं. जन्मताच औषधाने ती वाट उघडी ठेवतात, गरज पडल्यास फुग्याने कप्प्यांमधलं छिद्र मोठं करतात आणि पहिल्या काही आठवड्यांत धमन्या आपापल्या जागी जोडतात. उशीर झाला, तर डाव्या कप्प्याची जोर लावायची सवय जाते आणि ही शस्त्रक्रिया अवघड होते. निळं पडलेलं बाळ घेऊन रात्री रुग्णवाहिकेतून धावणं आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गरोदरपणाआधीपासून मधुमेह, आई-वडिलांना किंवा आधीच्या मुलाला जन्मजात हृदयदोष, ल्युपससारखा आजार, फिटांची काही औषधं, एकाच वारेवरची जुळी, किंवा सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागे जास्त पाणी अथवा इतर व्यंग दिसणं, अशा वेळी ही तपासणी सुचवतात. पण हृदयदोष असलेली बहुतेक बाळं यातलं काहीच नसलेल्या आयांच्या पोटी जन्मतात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की नेहमीच्या ॲनोमली स्कॅनच्या वेळीच ‘धमन्याही पाहिल्यात ना?’ असं विचारा. नीट दिसल्या नसतील, तर फीटल इको करून घ्या.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. कप्प्यांमधल्या पडद्यातलं बारीक छिद्र निसटू शकतं. गर्भात सगळ्यांचीच उघडी असलेली वाट जन्मानंतर मिटेल की नाही, हे आधी सांगता येत नाही. बाळाची पाठ वर असेल किंवा गर्भजल कमी असेल, तर चित्र धूसर येतं. तेव्हा थोडं चालून येऊन किंवा काही दिवसांनी पुन्हा पाहावं लागतं.