चौकट : पॉवर बँक हातातल्या बॅगेतच का?

सांताक्रूझच्या देशांतर्गत टर्मिनलवर चेक-इनला दिलेल्या बॅगेत पॉवर बँक दिसली, की ती बॅग अडते. सुटी बॅटरी फक्त केबिनमध्येच न्यायची असते.

मर्यादा मोजतात वॉट-तासांत. डब्यावर मात्र मिलिअँपिअर-तास ठळक छापलेले असतात. त्या आकड्याला आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने गुणा आणि हजाराने भागा. २०,००० चे होतात ७४ वॉट-तास; खुशाल न्या. ३०,००० चे १११ होतात, आणि इथेच लोक फसतात. १०० पर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० साठी विमान कंपनीची आधी संमती हवी, तीही जास्तीत जास्त दोन नगांना. १६० च्या वर प्रवाशाला मनाईच. (यूएसबीचे ५ व्होल्ट धरून गुणू नका, उत्तर फुगते.)

साठलेली ऊर्जा म्हणजे बिघाड झाल्यास बाहेर पडणारी उष्णता. एक सेल तापून फुटला की शेजारचा तापतो, मग त्याच्या पुढचा. सामानकक्षातला हॅलॉन वायू ज्वाळा विझवतो, पण सेलच्या आतली उष्णता थांबवू शकत नाही. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून सेल थंड करू शकतात.

सुट्या सेलची टोके चिकटपट्टीने झाका. आकडे पुसलेली पॉवर बँक तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. फुगलेली तर घरीच ठेवा.