तीस डॉलरची धून

2018 साली अटलांटातला एक नवखा गायक यूट्यूबवर बीट धुंडाळत बसला होता. त्याला बँजोसारख्या सुरावटीचा एक बीट आवडला. बीटस्टार्स या ऑनलाइन बाजारातून त्याने तो तीस डॉलरला घेतला आणि त्यावर आपलं गाणं चढवलं. गायक लिल नाझ एक्स, गाणं ‘ओल्ड टाउन रोड’. 2019 मध्ये ते बिलबोर्डच्या हॉट 100 यादीत सलग 19 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. बीट करणारा यंगकिओ हा नेदरलँड्समधला पोरगा. आपला बीट कुठे पोचलाय, हे त्याला इंटरनेटवरच्या एका मीममुळे कळलं.

तीस डॉलरमध्ये नेमकं काय विकलं गेलं? बीट नव्हे, तो वापरण्याची परवानगी. या धंद्यात तिला लीज म्हणतात, आणि ती भाड्याच्या खोलीसारखी नसते. एकच बीट एकाच वेळी पन्नास जणांना लीजवर देता येतो. सर्वांत स्वस्त लीजमध्ये फक्त एमपीथ्री फाइल मिळते. त्याहून महागात वेव्ह फाइल, आणि आणखी महागात स्टेम्स, म्हणजे ढोल, बास, सूर असे सुटे ट्रॅक. बहुतेक लीजना मर्यादा असते : इतक्या हजार स्ट्रीमपर्यंत, इतक्या वर्षांपर्यंत. गाणं त्यापुढे गेलं की वरचा परवाना घ्यायचा. एक्सक्लुझिव्ह घेतला तर बीट पुढे कुणाला विकता येत नाही. पण आधी दिलेल्या लीज साधारणपणे चालूच राहतात. एक्सक्लुझिव्ह घेणारे नेमके हेच विचारायला विसरतात.

‘रॉयल्टी-फ्री’ हा शब्द तर सरळसरळ फसवा आहे. त्याचा अर्थ फुकट असा नाही आणि कॉपीराइट सोडला असाही नाही. ठरलेल्या वापरासाठी एकदाच पैसे द्यायचे, दर वापरामागे नाही, एवढाच तो अर्थ. शिवाय बीटच्या लीजमध्ये गीतरचनेतला अर्धा हिस्सा बीटकाराकडे ठेवण्याचा रिवाज आहे, म्हणजे ती पूर्ण ‘फ्री’ही नसते.

आपल्याकडे यात कायद्याची एक बारीक गोष्ट आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार परवाना लेखी लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दिला भावा, वापर’ म्हणून विकलेला बीट उद्या परदेशात वाजला की वाद तिथून सुरू होतो.

आता गिऱ्हाईक कुठे सापडतं? बीटकार दुकान सजवण्यात महिना घालवतो, आणि गायक मात्र यूट्यूबच्या शोधपट्टीत टाइप करत असतो : MC Stan type beat. कुठल्या गायकाच्या धाटणीचा बीट आहे हे सांगणारं नाव, आणि शेजारी वेग व पट्टी, जसं 140 BPM, F minor. गायकाच्या मनात असतो तो आवाज, बीटकाराचं नाव नव्हे. म्हणून ‘अंधाराची हाक’ असं काव्यमय नाव ठेवलेला बीट कुणालाच सापडत नाही. व्हिडिओखालच्या पहिल्या ओळीत परवाना विकत घ्यायची लिंक हवी. दुकान तिथून पुढे सुरू होतं. जाहिरात किंवा माहितीपट करणारा गिऱ्हाईक वेगळा. तो पाँडफाइव्हसारख्या साठ्यात मूड आणि लांबी टाकून शोधतो, आणि त्याला तीस सेकंदांचा छोटा तुकडाही हवा असतो. एकच वस्तू दोन्हीकडे तशीच टाकली तर दोन्हीकडे पडून राहते.

सर्वांत जास्त मनस्ताप होतो तो कंटेंट आयडीमुळे. यूट्यूबची ही यंत्रणा आवाजाचा ठसा घेऊन मालक ओळखते. समजा, एकाच बीटवर दोघांनी लीज घेतली. पहिल्याने गाणं वितरकाकडे देताना कंटेंट आयडीच्या चौकटीत टिक केली. आता दुसऱ्याच्या व्हिडिओवर, आणि खुद्द बीटकाराच्याही, दावा येतो. दाव्यात तिसऱ्याच गाण्याचं नाव दिसलं की समजायचं, आपल्याच गिऱ्हाइकाचा प्रताप. उपाय एकच : लीजवरचं गाणं कंटेंट आयडीत नोंदवू नये हे परवान्यात लिहायचं, आणि दावा आला की तोच कागद दाखवून हरकत नोंदवायची.

राहिला यंगकिओ. त्याच्या बीटमधला बँजोसारखा तुकडा त्याचा नव्हता. तो नाइन इंच नेल्सच्या 2008 मधल्या अल्बममधला होता. तो अल्बम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली निघाला होता, पण अटीत स्पष्ट होतं : व्यावसायिक वापर नको. परवानगी गाणं गाजायला लागल्यावर घेतली गेली. आज त्या गाण्याच्या गीतकारांमध्ये ट्रेंट रेझ्नर आणि अ‍ॅटिकस रॉस यांचीही नावं आहेत.