खिळा कुठे होता?

चार पट्ट्या बिजागरांनी जोडून केलेला समांतरभुज चौकोन, एका टोकाला कागदात रोवलेला खिळा, मधल्या सांध्यावर टोचणी आणि पलीकडच्या टोकाला पेन्सिल. टोचणी मूळ चित्राच्या कडेवरून फिरवली की पेन्सिल तेच चित्र मोठे काढते. क्रिस्टोफ शायनर या जर्मन जेझुइट गणितज्ञाने १६०३ साली हे पँटोग्राफ यंत्र तयार केले.

यंत्र कितीही हलवले तरी खिळा, टोचणी आणि पेन्सिल एकाच सरळ रेषेत राहतात, आणि खिळ्यापासूनच्या त्यांच्या अंतरांचे गुणोत्तर बदलत नाही. खिळा म्हणजे विस्ताराचे केंद्र, गुणोत्तर म्हणजे पट. मुले इथेच चुकतात: अडीच पट करायचे म्हणून चित्रातल्या बिंदूपासून पुढे अडीच पट अंतर मोजतात. मोजायचे असते ते केंद्रापासून.

आता उलटा प्रश्न. कागदावर दोन कैऱ्या आहेत, एक लहान, एक मोठी. यंत्र उचलून ठेवले आहे, खिळ्याचे भोकही बुजले आहे. खिळा कुठे होता?

लहान कैरीच्या देठापासून टोकापर्यंत ४ सेंटिमीटर भरतात, मोठीच्या १०. म्हणजे पट अडीच. दोन्ही देठांतून एक रेघ काढून ती लहान कैरीच्या बाजूने पुढे वाढवायची. दुसरी रेघ दोन्ही टोकांतून. दोन्ही जिथे छेदतात तिथे खिळा होता.

पट्टीनेही पडताळता येते. दोन देठांमध्ये ९ सेंटिमीटर अंतर आहे. ते लहान देठाच्या खिळ्यापासूनच्या अंतराच्या दीडपट असले पाहिजे, कारण अडीचमधून एक वजा केला की दीड उरतो. म्हणून खिळा लहान देठापासून ६ सेंटिमीटरवर आणि मोठ्यापासून १५ वर. छेदबिंदू तिथेच पडला, तर काम बरोबर.

रेघा काढायला एकमेकांजवळचे बिंदू निवडले, तर त्या इतक्या अरुंद कोनात छेदतात की पेन्सिलची जाडीही उत्तर बरेच सरकवते. बिंदू लांबलांबचे घ्यावेत, आणि कैरीच्या पोटावरून तिसरी रेघ काढून पाहावी. ती त्याच ठिकाणी आली नाही, तर मापात चूक आहे किंवा मोठे चित्र कापून फिरवून चिकटवलेले आहे. फिरवलेली कैरी समरूपच असते, पण तिच्या बाजू मूळ बाजूंना समांतर राहत नाहीत.

न फिरवता नुसती सरकवली असेल, तर मात्र फसायला होते. तिन्ही रेघा तेव्हाही एका बिंदूत मिळतात, पण तो बिंदू खिळ्याचा नसतो. पट एक असेल, म्हणजे कैऱ्या सारख्याच मापाच्या असतील, तर रेघा समांतर जातात आणि केंद्र मिळतच नाही.

खिळा टोचणी आणि पेन्सिल यांच्या मध्ये बसवला, तर मोठी कैरी उलटी उमटते. मग रेघा वाढवाव्या लागत नाहीत, त्या दोन्ही चित्रांच्या मध्येच छेदतात. दोन देठांमध्ये १४ सेंटिमीटर असतील, तर खिळा लहान देठापासून ४ आणि मोठ्यापासून १० सेंटिमीटरवर सापडतो.