फीत कापताना काय बोलावं?

शाळेच्या नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनात देणगीदारांची यादी रकमेच्या क्रमाने वाचली, की पाचशे रुपये देणारा माजी विद्यार्थी मागच्या रांगेत अवघडून बसतो. त्यापेक्षा नाव वस्तूशी जोडावं: ‘ही दहा सूक्ष्मदर्शकं दहावीच्या जुन्या तुकडीची, या काचपट्ट्या आपल्या शिपाईकाकांच्या.’

उद्देश सांगताना ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ एवढं म्हणून थांबू नये. काल चाळीस मुलांत एकच सूक्ष्मदर्शक होता. मूल डोळा लावायचं आणि पुढे सरकायचं. आज चौघांत एक आहे. आता आठवीतली मुलगी कांद्याचा पापुद्रा स्वतः सोलेल, सॅफ्रॅनिनचा थेंब टाकेल, वरची पातळ काच तिरकी टेकवून हळूच सोडेल. घाई झाली, तर हवेचा बुडबुडा अडकेल आणि जाड काळ्या कडेचं ते वर्तुळच तिला पेशी वाटेल. खऱ्या पेशी विटांसारख्या लांबट, एकमेकींना चिकटलेल्या असतात. हा फरक बहुधा दुसऱ्या प्रयत्नात कळतो. देणगीदारांनी मुलांना दिलाय तो हा दुसरा प्रयत्न, आणि भाषणात नेमकं हेच यायला हवं.

मुख्याध्यापकांनो, पाच मिनिटांत भाषण आटपा आणि पाहुण्यांना त्या मुलीने तयार केलेली काचपट्टी पाहू द्या.