मळीचे पैसे कोणत्या खात्यात?

साखर कारखान्याचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, तेव्हा गळीत हंगाम सरत आलेला असतो किंवा नुकताच आटोपलेला असतो. म्हणजे उसाचा बहुतेक खर्च झालेला, पण साखर मात्र पोत्यांच्या थप्प्या रचून गोदामात पडलेली. अशा वेळी हिशेबनीसाने घेतलेला एक निर्णय वर्षाचा नफा काही कोटींनी इकडचा तिकडे करू शकतो. मळी आणि बगॅस विकून आलेले पैसे साखरेच्या उत्पादन खर्चातून वजा करायचे, की ‘इतर उत्पन्न’ म्हणून वेगळे दाखवायचे, हा तो निर्णय.

एक टन ऊस गाळला की साधारण शंभर-एकशेदहा किलो साखर निघते. बगॅस पावणेतीनशे-तीनशे किलो, मळी म्हणजे मोलॅसिस चाळीस-पंचेचाळीस किलो आणि थोडे प्रेसमड. बगॅसचा मोठा भाग कारखान्याच्याच बॉयलरमध्ये जळतो, उरलेला विकला जातो. मळी टाक्यांत साठवून डिस्टिलरीला जाते. या वस्तूंसाठी कोणी ऊस गाळत नाही, पण ऊस गाळला की त्या निघतातच. म्हणून त्यांना उपपदार्थ म्हणायचे.

आता आकडे मांडू. हे आकडे एका काल्पनिक कारखान्याचे, सोयीसाठी गोल केलेले. मार्चअखेर ५ लाख टन गाळप झाले आणि ११ टक्के उताऱ्याने साडेपाच लाख क्विंटल साखर तयार झाली. तोडणी-वाहतुकीसह ऊस १७० कोटींचा, प्रक्रियेचा खर्च ३० कोटी, एकूण २०० कोटी. मळी आणि शिल्लक बगॅस यांचे मिळून २२ कोटी आले. साडेपाच लाख क्विंटलपैकी अडीच लाख क्विंटल साखर ३,७०० रुपये भावाने विकली गेली आणि तीन लाख क्विंटल गोदामात राहिली.

पहिली पद्धत अशी : २२ कोटी खर्चातून वजा करा. खर्च उरला १७८ कोटी, म्हणजे क्विंटलला सुमारे ३,२३६ रुपये. दुसरी पद्धत : वजा करू नका, २२ कोटी थेट उत्पन्नात घ्या. मग साखरेचा खर्च क्विंटलला ३,६३६ रुपये पडतो. फरक बरोबर ४०० रुपयांचा. गोदामातली तीन लाख क्विंटल साखर पहिल्या पद्धतीत ३,२३६ रुपयांनी ताळेबंदात येते, दुसऱ्या पद्धतीत ३,६३६ रुपयांनी. शिल्लक साठा १२ कोटींनी फुगला आणि नफाही तेवढाच फुगला. पहिल्या पद्धतीत ढोबळ नफा साडेअकरा कोटींच्या आसपास, तर दुसऱ्यात साडेतेवीस कोटींच्या वर! ऊस तोच, साखर तीच, बँकेत आलेला पैसाही तोच.

पुढच्या वर्षी ती साखर विकली की हे १२ कोटी आपोआप उलटतात, कारण जास्त किमतीचा साठा तेव्हा खर्चात पडतो. दोन्ही वर्षे मिळून नफा सारखाच. म्हणून काहीजण ‘इकडे घातले काय आणि तिकडे घातले काय’ म्हणून विषय सोडून देतात. पण कर त्या-त्या वर्षाच्या नफ्यावर भरायचा असतो, कर्ज देणारी बँक त्या-त्या वर्षाचा ताळेबंद बघते आणि सभासदांपुढे अहवालही दरवर्षीच जातो.

नियम काय सांगतो? साठ्याच्या मूल्यमापनाचे भारतीय लेखामानक, म्हणजे एएस-२, सांगते की उपपदार्थ आणि भंगार बहुतेक वेळा मुख्य मालाच्या मानाने किरकोळ असतात. तसे असेल तेव्हा त्यांची किंमत विक्रीचा खर्च वगळून जी पदरात पडेल ती धरावी आणि मुख्य मालाच्या खर्चातून वजा करावी. इंड एएस-२ मध्येही उपपदार्थांसाठी हीच रीत आहे. मला तीच योग्य वाटते, कारण मळी निघाली ती साखरेच्याच उसातून, साखरेच्याच खर्चात. यात एक बारकावा आहे. वजावट निघालेल्या मळीची करायची, विकल्या गेलेल्या मळीची नव्हे. ३१ मार्चला टाकी भरलेली असेल तर ती मळीही साठा म्हणून किमतीसह दाखवावी लागते. नुसती विक्रीची पावती बघून हिशेब केला, तर टाकीतली मळी त्या वर्षाच्या हिशेबातून गायब होते.

साखरेचा भाव पडला तर आणखी एक नियम आडवा येतो. साठा खर्च किंवा पदरात पडणारी किंमत, यांपैकी जी कमी असेल तिने धरायचा. वरच्या उदाहरणात भाव ३,४०० झाला तर ३,६३६ चा साठा टिकत नाही, खाली आणावाच लागतो. फुगवटा काही प्रमाणात तिथेच उघडा पडतो.

भंगाराची गोष्ट थोडी वेगळी. उत्पादन करताना निघणारे भंगार, उदाहरणार्थ प्रेस शॉपमधली पत्र्याची कातरण, मालाच्या खर्चातून वजा होते. ते विक्री म्हणून दाखवलेच तर कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ प्रमाणे त्याची जागा ‘इतर परिचालन महसुला’त, म्हणजे धंद्याच्याच उत्पन्नात; व्याज-लाभांशाच्या पंगतीत ते बसत नाही. मात्र कारखान्याने जुना टर्बाइन मोडीत काढला, तर त्याचा साखरेच्या खर्चाशी संबंध नाही. ती मालमत्तेची विक्री. पुस्तकी किमतीपेक्षा जास्त पैसे आले तर तो फरक ‘इतर उत्पन्न’. भंगारवाल्याकडून आलेला धनादेश एकच असला तरी कशाचे भंगार ते विचारल्याशिवाय त्याचे खाते ठरत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोचतो. रंगराजन समितीने २०१२ मध्ये सुचवले की साखर आणि मळी, बगॅस, प्रेसमड या उपपदार्थांच्या मूल्याचा ७० टक्के वाटा उसाला मिळावा, किंवा नुसत्या साखरेच्या मूल्याचा ७५ टक्के. राज्याच्या २०१३ च्या ऊस दर कायद्यात हेच सूत्र आले. एफआरपी हा त्याखालचा किमान दर. खरी गोम आहे ती डिस्टिलरी कारखान्याचीच असते तिथे. मळी बाहेर विकलीच जात नाही, एका विभागाकडून दुसऱ्याकडे जाते आणि भाव कागदावर ठरतो. तो कमी लावला की साखर विभागाचा खर्च जास्त दिसतो, डिस्टिलरीचा नफा वाढतो आणि ७० टक्क्यांच्या वाटणीत मळीचे मूल्य तेवढे घटते.

आणि बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवली, तर तिला किरकोळ उपपदार्थ म्हणणेच बरोबर नाही. साखर काढण्याची शेवटची पायरी मुद्दाम सोडून, उतारा घटवून ती मिळवलेली असते. तिथे वजावटीचा सोपा मार्ग सोडून उसाचा खर्च साखर आणि मळी या दोघांत वाटावा लागतो.

तेव्हा सभासदांनो, वार्षिक सभेचा अहवाल हातात आला की नफ्याच्या आकड्याआधी तीन गोष्टी विचारा : साखरेचा दर क्विंटल खर्च मळी-बगॅस वजा करून आहे की न करता, ही पद्धत गेल्या वर्षीपेक्षा बदलली आहे का, आणि आपल्याच डिस्टिलरीला मळी कोणत्या भावाने दिली. त्या भावाशेजारी त्याच महिन्यातला बाजारातला मळीचा भाव मांडायला सांगा.