ओला शर्ट, ताठ दोरी आणि भिंतीतला हुक

गॅलरीत कपडे वाळत घालायची नवी दोरी बांधताना बहुतेकांचा एकच हट्ट असतो: दोरी अगदी ताठ हवी, मधे लोंबता कामा नये. एकजण हुकापाशी गाठ धरून उभा राहतो, दुसरा सगळा जोर लावून ओढतो आणि शेवटचा पीळ देऊन दोरी बांधली जाते. दिसायला ती छान दिसते. मग महिन्या-दोन महिन्यांत एके दिवशी एक साधा ओला शर्ट टाकला जातो आणि भिंतीतला हुक प्लगसकट बाहेर येतो. दोष सुताराला किंवा प्लगला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा त्या ताठपणातच असते.

आकडे घेऊनच बघू. दोन हुकांमधले अंतर चार मीटर आहे. जाड सुती शर्ट नीट न पिळता दोरीच्या बरोबर मधोमध टाकला आहे आणि पाण्यासकट त्याचे वजन एक किलो आहे. दोरी मधे २० सेंटिमीटर खाली आली आहे. हा तिचा झोळ. आता दोरीत ताण किती असेल? शर्ट दोन्ही बाजूंनी तोलला आहे, म्हणजे प्रत्येक बाजूवर अर्धा किलो, असा अंदाज कोणीही करेल. उत्तर मात्र पाच किलो आहे.

असे का होते, ते दोरीच्या स्वभावात आहे. दोरी फक्त स्वतःच्या लांबीच्या दिशेने ओढू शकते. शर्टाला हवा असतो वर उचलणारा आधार, पण दोरी तर जवळजवळ आडवी आहे. तिच्या ओढीतला बहुतेक भाग उजवीकडे आणि डावीकडे जातो, आणि हे दोन भाग एकमेकांना तोलण्यातच संपतात. वरच्या दिशेला जो थोडा भाग उरतो, तेवढाच शर्टाच्या कामाचा. तो किती, हे झोळावरून कळते. अर्धी दोरी दोन मीटर आणि झोळ २० सेंटिमीटर, म्हणजे ओढीचा दहावा भाग वर जातो. त्या दहाव्या भागातून अर्धा किलो उचलायचा, तर पूर्ण ओढ पाच किलोची हवी.

आता दोरी ओढून झोळ १० सेंटिमीटरवर आणा. वर जाणारा भाग विसावा झाला, ताण दहा किलो. झोळ पाच सेंटिमीटर केला तर वीस किलो. झोळ एकच सेंटिमीटर ठेवायचा म्हटले, तर एका किलोच्या शर्टासाठी दोरीत शंभर किलोंचा ताण लागेल, आणि दोन्हीकडचे हुक तेवढ्याच जोराने ओढले जातील. झोळ शून्य करायचा असेल तर कितीही ताण अपुराच पडतो, कारण पूर्ण आडव्या दोरीच्या ओढीत वर जाणारा भागच नसतो. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात हेच मांडले आहे: दोन टोकांना कितीही अवजड वजने लावा, मधे टांगलेले लहानसे वजनही दोरीला वाकवतेच.

याहून फसवी गोष्ट लांबीची आहे. चार मीटरच्या अंतरात २० सेंटिमीटर झोळ पडायला दोरी किती जास्त लागते? फक्त दोन सेंटिमीटर. १० सेंटिमीटर झोळाला लागते जेमतेम पाच मिलिमीटर, आणि पाच सेंटिमीटर झोळाला सव्वा मिलिमीटर. म्हणजे ताण पाच किलोंचा दहा किलो व्हायला दोरी दीड सेंटिमीटर ओढावी लागली, पण दहाचा वीस व्हायला चार मिलिमीटरसुद्धा लागले नाहीत. गाठ मारताना शेवटी जो ‘अजून थोडीशी’ असा हिसका देतो, तो हाताला किरकोळ वाटतो, कारण तेव्हा दोरी रिकामी असते. त्याची किंमत शर्ट टाकल्यावर वसूल होते.

इथे दोरी कशाची आहे, याने मोठा फरक पडतो. नायलॉनची दोरी भार पडला की लांबते. ती लांबली की झोळ वाढतो आणि झोळ वाढला की ताण आपोआप उतरतो. आपल्याला नकोसे वाटणारे ते लोंबणेच हुकाला वाचवत असते. पोलादी तार असे काही करत नाही. दोन मिलिमीटर जाडीची तार त्याच चार मीटरमध्ये नुसती सरळ बांधली, जास्तीचा ताण मुळीच दिला नाही आणि हुक तसूभरही हलत नाहीत असे धरले, तर एका किलोच्या शर्टाने ती साधारण पाच सेंटिमीटर वाकते आणि तिच्यात वीस किलोंचा ताण येतो. त्यात आधीच पक्कड लावून आवळलेली असेल, तर तो ताण वेगळा. ‘तार कधी तुटणार नाही’ म्हणून लोक तार लावतात. ती तुटत नाहीच, प्लास्टर तुटते.

हुक थकला आहे, हे आधी कळते. हुकाच्या बुडाशी प्लास्टरची पूड दिसू लागते, हुक दोरीच्या बाजूला किंचित झुकतो, प्लगची कड भिंतीबाहेर डोकावते. शंका असेल तर रद्दीवाले वापरतात तसला ताणकाटा हुक आणि दोरी यांच्यामध्ये अडकवून पाहावा. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली दोरीच्या मधोमध टांगावी आणि दोरी सैल-घट्ट करत काटा वाचावा. झोळ निम्मा झाला की आकडा दुप्पट होताना डोळ्यांसमोर दिसतो.

उपाय सोपा आहे. भार टाकल्यावर चार मीटरला वीसेक सेंटिमीटर झोळ पडेल, इतकी दोरी सैल ठेवावी. चादर, जीन्स असे जड कपडे मधे न टाकता टोकाकडे टाकावेत. वरच्याच सैल दोरीवर तोच शर्ट हुकापासून ४० सेंटिमीटरवर टाकला, तर ताण पाच किलोंवरून तीनपर्यंत उतरतो. अंगणातल्या लांब दोरीला मधे बेचक्याच्या बांबूचा टेकू देतात, ती पद्धत तर फारच शहाणपणाची. दोरी उंच राहते आणि ताण न वाढवता राहते, कारण भाराचा मोठा वाटा बांबू जमिनीत उतरवतो.

विजेच्या तारा खांबांमध्ये लोंबत्या दिसतात, त्याही मुद्दामच. थंडीत धातू आखडतो, तार थोडी आखूड होते, झोळ कमी होतो आणि ताण वाढतो. म्हणून तार ओढताना त्या वेळचे तापमान पाहून झोळ किती सोडायचा, ते ठरवतात.

हाच ताण कामालाही लावता येतो. गाडी चिखलात रुतली आणि समोर वीस मीटरवर भक्कम झाड असेल, तर गाडी आणि झाड यांच्यामध्ये दोर जमेल तितका घट्ट बांधतात आणि मग गाडीकडे न जाता दोराच्या मध्यावर उभे राहून त्याला आडवा रेटतात. तीस किलोंचा रेटा देऊन दोर अर्धा मीटर बाजूला सरकला, तर त्या क्षणी गाडीवर तीनशे किलोंची ओढ असते. मोबदल्यात गाडी सरकते अडीच सेंटिमीटर. मग चाकामागे दगड लावायचा, दोर पुन्हा आवळायचा आणि पुन्हा रेटायचा. या कामाला नायलॉनचा दोर चालत नाही, कारण ते अडीच सेंटिमीटर तो स्वतःच लांबून खाऊन टाकतो आणि तुटला तर चाबकासारखा उलटतो. कमी ताणला जाणारा दोर घ्यावा, मध्यावर जाड गोणपाट टाकावे आणि बाकीच्यांना दोराच्या रेषेपासून लांब उभे करावे.