सोमवारच्या फोनची नोंद

उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो, चाळीत भरला जातो आणि पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थोडा थोडा बाजारात जातो. या महिन्यांत चाळीत आणि बाजारात काय चाललं आहे हे दर आठवड्याला कळत राहणं फार गरजेचं असतं. नाशिक जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी डोळ्यांसमोर आणा. सहा गावांचे सभासद, प्रत्येक गावाचा एक प्रतिनिधी, आणि दर सोमवारी संध्याकाळी सगळ्यांचा मिळून एक फोन. अर्धा-पाऊण तास बोलणं होतं आणि कोणीतरी त्याचा गोषवारा लिहून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकतो. तो गोषवारा कसा लिहिला जातो, यावर पुढचे निर्णय किती शहाणपणाचे होतील हे बरंचसं ठरतं.

बहुतेक ठिकाणी तो निबंधासारखा लिहिला जातो. पहिल्या सोमवारी लिहिणारा म्हणतो, ‘काही चाळींत थोडी सड दिसते आहे, लक्ष ठेवायचं ठरलं.’ दुसऱ्या सोमवारी दुसराच कोणी लिहितो, ‘पावसामुळे माल खराब होण्याची तक्रार आली.’ तिसऱ्या आठवड्यात भाव वर जातात, सगळं बोलणं भावावरच होतं आणि सडीचा उल्लेखच येत नाही. महिन्याने हे तीन गोषवारे समोर ठेवले तर सड वाढली, थांबली की फक्त बोलायची राहून गेली, हे कोणालाच सांगता येत नाही. तीनही गोषवाऱ्यांत खोटं काहीच नाही. अडचण एवढीच की ते एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत.

म्हणून ठरावीक रकाने लागतात: तीच नावं, तोच क्रम, दर आठवड्याला. आपल्या कंपनीचा दुसऱ्या आठवड्याचा भरलेला नमुना असा दिसेल:

```
आठवडा: ८ ते १४ जुलै
हजर: ६ गावे
हिशेबी साठा (आठवड्याच्या सुरुवातीला): ३७५ क्विंटल
खराब माल (निवडून काढलेला): ८ क्विंटल
विक्री: ३० क्विंटल
मागचं बाकी: गाव ३ ची ताडपत्री, अजून आली नाही
ठरलं: गाव ३ आणि ५ ची निवड गुरुवारपर्यंत, प्रतिनिधी
इतर: काही नाही
```

आता याच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा शेजारी ठेवू. आधीच्या आठवड्यात साठा ४२० क्विंटल होता, ५ क्विंटल खराब निघाला आणि ४० विकला गेला. म्हणजे या आठवड्याची सुरुवात ३७५ ने झाली. त्यातून ८ खराब आणि ३० विक्री वजा होऊन पुढच्या आठवड्याला ३३७ उरले, आणि त्यातले १४ क्विंटल खराब निघाले. ५, ८, १४ हे आकडे नुसते ऐकले तर ‘वाढतंय खरं’ एवढंच वाटतं. पण साठ्याशी त्यांचं प्रमाण काढलं की १.२ टक्के, २.१ टक्के आणि ४.२ टक्के असा चढ दिसतो. साठा घटतो आहे आणि सडीचं प्रमाण दर आठवड्याला जवळपास दुप्पट होतं आहे. माल आणखी धरून ठेवायचा की आताच काढायचा, हा प्रश्न तिसऱ्या सोमवारी टाळता येत नाही. निबंधासारख्या गोषवाऱ्यात हा चढ दिसायला कदाचित चाळच उपसावी लागली असती.

रकान्याला नाव दिलं की काम झालं असं मात्र नाही. ‘खराब माल’ म्हणजे नेमकं काय? एक प्रतिनिधी सडका कांदा तेवढा मोजतो, दुसरा कोंब फुटलेलाही त्यात धरतो, तिसरा गोण्यांत सांगतो, आणि एकाची गोणी ४५ किलोची तर दुसऱ्याची ५० ची. म्हणून प्रत्येक रकान्याखाली एक ओळीची व्याख्या हवी: ‘मागच्या सोमवार ते रविवारमध्ये निवडून बाजूला काढलेला, विक्रीला न चालणारा माल, क्विंटलमध्ये.’ साठ्याच्या रकान्यात ‘हिशेबी’ हा शब्दही मुद्दाम आहे. चाळीतला कांदा सुकतो आणि त्याचं वजन आपोआप घटतं. दर आठवड्याला सगळा माल काट्यावर चढवणं शक्य नसल्यामुळे हा आकडा वजाबाकीचा आहे, तोललेला नाही. हे नमुन्यातच लिहिलेलं असलं, की विक्रीच्या दिवशी काट्यावर कमी भरलं म्हणून कोणी कोणावर संशय घेत नाही.

माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी घ्यावी ती रिकाम्या जागेची. ‘०’, ‘माहिती नाही’ आणि कोरी जागा या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सार्वजनिक आरोग्याच्या कामात हे फार आधी ओळखलं गेलं. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात साप्ताहिक माहितीसाठी ठरावीक फॉर्म होते: उपकेंद्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘एस’, डॉक्टरांसाठी ‘पी’ आणि प्रयोगशाळेसाठी ‘एल’. एकही रुग्ण नसला तरी शून्याचा अहवाल पाठवायचा, ही शिस्त त्यात होती. अहवालच आला नाही तर गावात आजार नाही की कर्मचारी रजेवर आहे, हे वर बसलेल्याला कळणार कसं?

कांद्याच्या फोनवरही हेच होतं. एका गावाचा प्रतिनिधी गैरहजर राहिला आणि त्याची जागा कोरी सोडली, तर एकूण साठा अचानक कमी दिसतो आणि विक्री जोरात झाली असा समज होतो. अशा वेळी त्या गावाचा मागच्या आठवड्याचा आकडा पुढे ओढायचा आणि त्यापुढे ‘जुना’ असं लिहायचं. सलग दोन आठवडे ‘जुना’ आला, तर मंगळवारी त्या प्रतिनिधीला वेगळा फोन लावायचा.

भरण्याची पद्धतही ठरलेली असावी. नोंद फोन चालू असतानाच करायची, आणि प्रश्न रकान्यांच्या क्रमानेच विचारायचे, नाहीतर भावाची चर्चा सगळा वेळ खाऊन टाकते. ‘मागचं बाकी’ हा रकाना ‘ठरलं’च्या आधी ठेवला आहे, कारण जुनं काम झालं की नाही हे विचारल्याशिवाय नवं काम अंगावर घेऊ नये. शेवटच्या पाच मिनिटांत सगळे रकाने मोठ्याने वाचून दाखवायचे. ‘अहो, माझे आठ नाही, अठरा सांगितले होते,’ अशी दुरुस्ती तिथेच होते. दोन दिवसांनी ग्रुपवर ती झाली, तर निम्म्या लोकांनी आधीचाच आकडा खरा मानलेला असतो.

ठरलेल्या रकान्यांचा एक खरा धोका आहे. ज्याला रकाना नाही ते बोललंच जात नाही. ‘इतर’ ही ओळ त्यासाठीच आहे, आणि तिथेही ‘काही नाही’ असं लिहायलाच हवं. एकच गोष्ट तीन-चार आठवडे ‘इतर’मध्ये येत राहिली, की तिला स्वतःचा रकाना द्यायचा. पावसाळ्याच्या सुरुवातीला मुख्य त्रास सडीचा असतो; सप्टेंबरच्या सुमारास कोंब फुटू लागतात, आणि ‘खराब माल’ हा एकच आकडा अपुरा पडतो. तेव्हा जुना रकाना काढून टाकू नये. ‘खराब माल’ ही बेरीज जुन्याच नावाने, जुन्याच जागी ठेवावी, तिच्याखाली ‘त्यापैकी सड’ आणि ‘त्यापैकी कोंब’ असे दोन रकाने जोडावेत, आणि हा बदल कोणत्या आठवड्यापासून झाला ते नमुन्याच्या माथ्यावर लिहावं. म्हणजे जुलैचा आकडा ऑक्टोबरच्या आकड्याशेजारी तसाच ठेवता येतो.